शिवीचं क्रियापद

दर्शनाच्या नजरेतून अक्षर सुटत नाही. वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणारा एक कारखाना आहे, तिथे ती गेली अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर बसते. पांढऱ्या दिव्याखालून लेबलांचा रोल सरकत असतो आणि ती बघत असते. 'जेवणानंतर'मधला एक 'न' खाल्ला गेला की तिची लाल पेन्सिल तिथे गोल मारते, आणि मग सुपरवायझर कितीही नाचला तरी तो रोल पुढे जात नाही. एकदा मालकाच्या मेहुण्याने तिला सांगितलं, "अहो ताई, कोण वाचतं एवढं?" तेव्हा ती म्हणाली होती, "मी वाचते." पुढे ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तोही बोलला नाही.

अशा बाईच्या घरात शिवी शिरली आणि तिला ती वर्षानुवर्षं ऐकू आली नाही. कारखान्यात कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

शहाडला स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका चाळीत त्यांच्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टीव्ही, टीव्हीखाली संचिताने कबड्डीत मिळवलेली चार पदकं. संचिता पंधरा वर्षांची, नववीत, शाळेच्या संघातली पहिली चढाईपटू. तिचा बाप राकेश कल्याण पश्चिमेला स्टँडवर रिक्षा लावतो. आणि राकेशची आई शांताबाई, जी दिवसभर खिडकीशी बसून चाळीवर लक्ष ठेवते आणि दर रविवारी नातीला ओढून विहारात नेते.

त्या दिवशी रात्रीची भाकरी व्हायची होती. संचिता मोबाईलवर मैत्रिणींबरोबर गेम खेळत होती, कानात वायर. गेममध्ये कुणीतरी तिला मागून मारलं असणार, कारण ती एकदम ओरडली. आईवरची हिंदी शिवी. पूर्ण, ठणठणीत, एकही अक्षर न खाता. दर्शनाच्या हातातला पिठाचा गोळा परातीत पडला.

राकेश नुकताच रिक्षा लावून आला होता. तो तीन ढांगांत पोचला आणि त्याने पोरीच्या कानाखाली एक वाजवली. "तुझ्या आयला, शिव्या देतेस? पोरीची जात आणि शिव्या देतेस? कुठून शिकलीस गं, बोल!"

शांताबाई खिडकीतून म्हणाली, "तिखट घाला तोंडात. आमच्या वेळी तिखटच घालत." मग नातीकडे वळून, "विहारात चौथं शील म्हणतेस ना तोंड भरून? आणि घरी हे?"

संचिताचा गाल लाल झाला होता, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. "आजी, चौथं शील खोटं बोलू नये याचं आहे. शिवीचं नाहीये त्यात."

एवढ्यावर राकेशने मोबाईल काढून घेतला आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. झालं, त्याच्या मते विषय मिटला.

विषय कसला मिटतो. मोबाईल कपाटात गेला आणि शिवी घराबाहेर गेली, एवढंच. पोरीने घरात बोलणंच बंद केलं. विचारलं तर "हो", "नाही", "माहीत नाही". चाळीच्या जिन्यात मैत्रिणीशी बोलताना मात्र दर्शनाच्या कानावर यायला लागलं, 'बीसी' नि 'एमसी'. इंग्रजी अक्षरांचे बुरखे घालून त्याच शिव्या जिना उतरत होत्या. आता दर्शनाने कान लावला, तसं तिला सगळंच दिसायला लागलं. ट्यूशनच्या बाहेर पोरं एकमेकांना हाक मारतात ती शिवी देऊन. संचिता ज्यांचे व्हिडिओ बघायची ती दाढीवाली पोरं दर वाक्यात एक शिवी घालतात, तिच्यावर 'टूं' असा आवाज टाकतात, आणि तो आवाज आला की बघणारे जास्तच हसतात. शिवी झाकली की ती गोड लागते, हे त्या व्हिडिओवाल्यांना बरोबर कळलेलं आहे.

आणि मग दर्शनाला आणखी एक आठवलं, आणि ते आठवल्यावर तिला आपलाच राग आला. संचिता तीन वर्षांची असताना राकेश तिला स्टँडवर न्यायचा. तिथे गुणाजी नावाचा म्हातारा रिक्षावाला होता. तो तिला बोनेटवर बसवून म्हणायचा, "बोल, च्यायला!" ही बोबडं "त्यायला" म्हणायची. अख्खा स्टँड पोट धरून हसायचा आणि तिला लिमलेटची गोळी मिळायची. दर्शना स्वतः तिथे उभी होती एकदा. तीही हसली होती. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं, मग पोहऱ्याला कशाला बडवायचं?

एका रविवारी संचिता विहारातून परत आल्यावर दर्शनाने भाकऱ्या अर्ध्यावर ठेवून कपाटाचं कुलूप उघडलं, मोबाईल काढला आणि संचिताच्या मांडीवर ठेवला. मग तिच्यासमोर पाटावर बसली.

"पप्पांना विचारलंस?" संचिताने संशयाने पाहिलं.

"मी विचारत नसते. ती शिवी परत दे."

"काय?"

"त्या दिवशी दिलीस ती. मारणार नाही. फक्त मराठीत दे."

"मराठीत काय, आई? हिंदीच आहे ती."

"मग भाषांतर कर. नववीत आहेस ना? कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं घालून. कुणी, कुणाच्या आईला, काय करायचं. पूर्ण वाक्य."

संचिता आधी हसली. मग तिने तोंड उघडलं. "मी तुझ्या..." म्हणाली आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "मी तुझ्या आई..." आणि तिचे कान तापले. समोर आईच बसली होती, कपाळावर घाम, बोटांना अजून पीठ.

"हिंदीत सोपं जातं ना?" दर्शना म्हणाली. "अर्थाला हात लावावा लागत नाही."

"पण कुणाच्या डोक्यात अर्थ नसतो गं! सगळे बोलतात. ते कॉमासारखं आहे. मुलगे बोलतात, सर पण बोलतात ग्राउंडवर, पप्पा स्टँडवर बोलतात, त्यांना कोण कानाखाली मारतं? मी बोलली तर लगेच पोरीची जात!"

पोरगी ताडकन उठून बाहेर गेली. दर्शना तशीच बसून राहिली. तिला पोरीचा राग आला होता, आणि पोरगी निम्मी खरं बोलली होती याचाही.

पुढचे दोन आठवडे घरात एकच नियम होता. दर्शनाने तो सगळ्यांना सांगितला, सासूलासुद्धा. शिवी ऐकू आली की ओरडायचं नाही, हसायचं नाही, मारायचं नाही. देणाऱ्याला थांबवायचं आणि 'कुणाच्या आईला?' एवढंच विचारायचं. राकेशने मान हलवली, पण ज्याला नियम लागू नाही अशा माणसाची मान हलते तशी. शांताबाई म्हणाली, "तिखटच बरं होतं." संचिताने पहिल्या आठवड्यात तीनदा शिवी दिली आणि तीनदा चिडून दुसरा शब्द शोधला. दुसऱ्या आठवड्यात एकदा. त्या एकदा तिने स्वतःच जीभ चावली आणि "सॉरी, सॉरी" म्हणाली, आणि दर्शनाला वाटलं, जमतंय.

तेवढ्यात तालुक्याच्या स्पर्धेत घात झाला.

अंतिम सामना होता. संचिता चढाईला गेली, समोरच्या शाळेची ऐश्वर्या नावाची धिप्पाड पोरगी तिच्या घोट्याला चिकटली आणि पकड सुटता सुटता तिने संचिताची वेणी ओढली. वर म्हणाली, "चल निघ, काळे." संचिता उठली, तिच्या छातीजवळ गेली आणि तीच ठणठणीत हिंदी शिवी तिच्या तोंडावर मारली. पंचांनी पिवळं कार्ड काढून तिला दोन मिनिटं बाहेर बसवलं. सामना संचिताचीच शाळा जिंकली. पण कुणीतरी मोबाईलवर शूट केलं होतं. वेणी ओढलेली त्यात नव्हती, शिवी मात्र स्वच्छ होती. संध्याकाळपर्यंत तो तुकडा शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर फिरत होता.

सोमवारी दर्शनाला शाळेत बोलावलं. तिने अर्धा दिवस रजा टाकली. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत खेळाचे सिद्धेश सर उभे होते, खाली बघत. बाईंनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "पालकांची सही लागेल. सही झाली की विषय संपला, ती जिल्ह्याला खेळेल. नाही झाली तर मला नाव काढावं लागेल. शुक्रवारी यादी जाते."

संचिता आईच्या शेजारी उभी होती. तिच्या बोटांनी दर्शनाच्या ओढणीचं टोक धरलं होतं, लहानपणी धरायची तसं.

दर्शनाने कागद वाचला. 'माझ्या पाल्याने मैदानावर मुलीला न शोभणारी भाषा वापरली, याबद्दल मी दिलगीर आहे.' तिने पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि 'मुलीला' या शब्दाभोवती गोल मारला.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"चूक आहे. हा शब्द काढा, मी सही करते."

"अहो, तो ठरलेला मजकूर आहे."

"असेल. सर, मागच्या महिन्यात मुलांच्या संघातल्या सूरजने ग्राउंडवर हीच शिवी दिली होती ना? त्याच्या आईने 'मुलाला न शोभणारी' असं लिहून दिलं का?"

सिद्धेश सरांनी बुटाच्या टोकाने फरशी घासली. "त्याला मी तोंडी समज दिलेली, मॅडम. मुलांचं... होतं तसं."

"होतं तसंच मग. शिवी तीच, ग्राउंड तेच. शिवी वाईट आहे म्हणून शिक्षा द्या, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. मुलगी आहे म्हणून देत असाल तर माझी सही नाही."

"म्हणजे तिचं नाव कापू?" बाईंचा आवाज चढला. "तुम्ही मुलीला पाठीशी घालताय!"

"पाठीशी नाही घालत. तिची चूक आहे, हजारदा चूक आहे. पण शिवी कुणाला दिली ते तरी बघा. त्या पोरीला नाही दिली, तिच्या आईला दिली. शाळेला कागद देऊन काय होणार? ज्या बाईला शिवी दिली तिची माफी मागायला नको?"

बाईंनी कागद परत आपल्याकडे ओढला. मग थंडपणे म्हणाल्या, "ठीक आहे. त्या आईचं समाधान झालं असं मला कळलं, तर बघू. शुक्रवारच्या आत."

बाहेर आल्याबरोबर संचिता फुटली. "वेडी आहेस का तू! सही करायची ना! एका शब्दासाठी माझं जिल्हा घालवशील?"

"एका 'न'साठी मी पन्नास हजार लेबलं परत पाठवलीत," दर्शना म्हणाली. "तू तर माझी पोरगी आहेस."

पण रिक्षात बसल्यावर तिने शुक्रवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. पोरगी गेली चार वर्षं पहाटे पाच वाजता ग्राउंडला जात होती. शुक्रवारपर्यंत काही झालं नाही, तर हा गोल मारण्याचा माज पोरीच्या नशिबाला लागणार होता. मागे हटावं, असं एकदा तिच्या मनात आलंसुद्धा. मग तिला राकेशची चपराक आठवली, 'पोरीची जात', आणि ती हटली नाही.

ऐश्वर्याची आई वैशाली कल्याणच्या फुलांच्या मार्केटमध्ये गाळ्याबाहेर बसून हार करते, एवढं सिद्धेश सरांनीच हळूच कळवलं. गुरुवारी सकाळी सातला दर्शना आणि संचिता तिथे पोचल्या. झेंडूच्या ओल्या गोण्यांमधून वाट काढत हमाल येत-जात होते. वैशालीच्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, हात चालू. तिने वर न बघता विचारलं, "किती हार?"

"हार नको," दर्शना म्हणाली. "ही माझी मुलगी संचिता. तिला तुमच्याशी बोलायचंय." आणि ती दोन पावलं मागे सरकली. हे आपण बोलायचं नाही, हे तिने रात्रीच ठरवलं होतं.

संचिताने घसा साफ केला. "काकी, शनिवारी मॅचमध्ये मी ऐश्वर्याला शिवी दिली. म्हणजे... तुम्हाला दिली. आईवरची."

वैशालीचे हात थांबले. ऐश्वर्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं. "काय शिवी?"

संचिताने आईकडे बघितलं. दर्शनाने मदत केली नाही. पोरीने डोळे मिटले आणि मराठीत सुरुवात केली, कर्ता, कर्म, आणि क्रियापदाच्या अलीकडे तिचा आवाज फाटला. आता मात्र ती रडली, ढसाढसा, झेंडूच्या ढिगाशेजारी उभी राहून.

"बास," वैशाली म्हणाली. "पुढचं माहितीये मला." तिने दोरा सोडला आणि हात पुसले. "मी इथे चौदा वर्षं बसते. गोणी अंगावर पडली तर हमाल ती शिवी देतो, टेम्पो अडकला तर टेम्पोवाला देतो, गिऱ्हाईक भाव पाडताना देतं. दिवसातून पन्नास वेळा. त्यांच्यातला एक पण येऊन बोलला नाही, 'वैशाली, तुला दिली गं, चुकलं.' तू पहिली आलीस, बाळा."

मग तिने विचारलं, "आणि आमच्या ऐश्वर्या बाईसाहेबांनी काय केलेलं?"

संचिताने बाहीने नाक पुसलं. वैशाली म्हणाली, "सांग की."

"वेणी ओढली. काळे म्हणाली."

"बरं," वैशाली म्हणाली, आणि त्या एका 'बरं'वरून ऐश्वर्याची संध्याकाळ कशी जाणार ते कळलं. तिने दर्शनाकडून शाळेचा नंबर घेतला आणि तिथल्या तिथे फोन लावला. मुख्याध्यापिका बाईंना ती एवढंच म्हणाली, "माझं समाधान झालं. पोरीला खेळू द्या. आणि आमच्या पोरीचं मी बघते." निघताना तिने संचिताच्या हातात एक गजरा ठेवला.

शाळेने त्याच दुपारी नवा कागद टाइप केला. 'मैदानावर शिवीगाळ केली, याबद्दल'. दर्शनाने दोनदा वाचला आणि सही केली. शिक्षा कायम राहिली, जिल्ह्याचा पहिला सामना संचिताने बाकावर बसून बघायचा. आणि सिद्धेश सरांनी सूरजच्या घरीही तोच कागद पाठवला. संचिताने कटकट केली नाही. ती फक्त म्हणाली, "पहिली मॅच सोपीच आहे."

त्या संध्याकाळी राकेश घरी आला तेव्हा स्टँडवर त्याला अर्धीच बातमी कळलेली होती. चप्पल काढता काढताच तो संचिताला म्हणाला, "तुझ्या आयला, फुलवालीच्या पाया पडायला गेलेलीस? अख्ख्या मार्केटसमोर?"

तव्यावर भाकरी होती. दर्शनाचं तिकडे लक्ष होतं. तिला काहीच ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर ऐकू आलं, पण सतरा वर्षं दिवसातून दहा वेळा ऐकलेलं होतं, ते कानात शिरून न थांबता निघून गेलं. लेबल तपासणाऱ्या बाईचं हे असं.

संचिता उठून उभी राहिली. "पप्पा. कुणाच्या आयला?"

"आं?"

"नियम आहे ना? कुणाच्या आयला बोललात तुम्ही?"

राकेश हसला. "अगं, बोलण्यात येतं ते."

"माझं पण बोलण्यातच आलेलं. त्या दिवशी मला कानाखाली मारलीत तेव्हा पण हेच बोललात. शिवी देते म्हणून मारलंत, आणि शिवी देऊन मारलंत. माझी आई कोण आहे, पप्पा?"

भाकरी करपायला लागली होती. दर्शनाने गॅस बंद केला. तिला आला तो सरळ संताप. सतरा वर्षांचा. इतके दिवस हे छापून सरकत होतं आणि तिने एकदाही गोल मारला नव्हता.

राकेशने आईकडे पाहिलं, पाठिंब्यासाठी. शांताबाई खिडकी सोडून त्याच्याकडे तोंड करून बसली. "माझ्याकडे काय बघतो, राक्या? तुझ्या बापानं तोंडानं माझ्या आईला जन्मभर तेच केलं. तेव्हा हे विचारणारी पोरगी नव्हती घरात."

"बरं बाबा, सॉरी," राकेश म्हणाला. "झालं?"

"नाही झालं," दर्शना म्हणाली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमचं वाक्य अर्धं आहे. तुझ्या आयला... पुढे काय? क्रियापद कुठाय? पूर्ण करा."

"दर्शना, पोरीसमोर काय हे..."

"पोरीसमोरच बोललात. पोरीने परक्या बाईसमोर पूर्ण करायला घेतलं आज. तुम्ही घरात करा. तुझ्या आयला, काय?"

राकेशने तोंड उघडलं. स्टँडवर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, पण शब्द बाहेर येईना. त्याने दर्शनाकडे बघितलं, नीट, भाकरीचं पीठ लागलेल्या तिच्या हातांसकट, आणि त्याची मान खाली गेली.

"चुकलं," तो म्हणाला. अगदी हळू.

"पप्पा, मोठ्याने बोला, आणि..."

"तू गप्प बस गं," दर्शना म्हणाली. "सतरा वर्षांनी बोलतायत ते. मला ऐकू दे."